चार नंबरचं टेबल

बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला की गटांच्या बैठकींमधून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. पोरगी डॉक्टरकीला लागली, पेढे वाटून झाले, पण तिला म्हणे पहिल्याच वर्षी मेलेल्या माणसाच्या अंगाला सुरी लावावी लागते. आपली पोर घरात पाल दिसली तरी ओरडते, तिला हे कसं जमायचं?

आम्हाला तरी कुठं माहीत होतं! मग सुट्टीत गावी आलेल्या, डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलींनाच आम्ही खोदून खोदून विचारलं. त्यांनी जे सांगितलं त्यातून आम्ही ही गोष्ट रचली आहे. ही कुणा एकीची नाही, बऱ्याच जणींचं यात थोडं थोडं आलंय. गोष्टीतल्या मुलीला आपण वैशाली म्हणू.

वैशालीची आई ब्लाउज शिवते. वडील दुसऱ्याच्या शेतावर जातात. वैशाली शाळेतून आली की आईच्या शेजारी बसून हातशिलाई करायची, हूक लावायची, चुकलेलं उसवायची. बारावीला चांगले मार्क पडले, दुसऱ्या वर्षी 'नीट'ला नंबर लागला आणि जिल्ह्याच्या गावच्या सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली. होस्टेलवर सामान लावून आठवडा झाला आणि फळ्यावर वेळापत्रक लागलं. त्यात सोमवारी दुपारी लिहिलं होतं, डिसेक्शन हॉल.

इथं एक फरक सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे त्याची सरमिसळ होते. अपघात झाला, कुणी विष घेतलं, की सरकारी दवाखान्यात जे होतं ते पोस्टमॉर्टेम. माणूस कशानं गेला हे शोधण्यासाठी ते करतात, आणि मग देह घरच्यांना परत देतात. डिसेक्शन वेगळं. शरीर आतून कसं आहे हे मुलांनी शिकावं म्हणून टिकवून ठेवलेला देह असतो आणि मुलं त्यावर कित्येक महिने, थर थर उलगडत, सावकाश अभ्यास करतात. एका टेबलाभोवती साधारण दहा-बारा मुलं उभी असतात.

आदल्या रात्री वरच्या वर्गातल्या मुलींनी नेहमीप्रमाणे घाबरवून सोडलं. कुणी म्हणे देहाचा हात आपोआप हलतो, कुणी म्हणे रात्री हॉलमधून आवाज येतात. आमच्या मते त्या मुलींना दोन धपाटे द्यायला हवेत, पण ते असो. वैशालीला रात्रभर झोप लागली नाही. सोमवारी तिनं सकाळी नुसता चहा घेतला आणि दुपारी जेवलीच नाही. उलटी झाली तर पोटात काही नसलेलं बरं, असा तिचा हिशोब. तो हिशोब पुढे कसा चुकला ते येईलच.

दुपारी दोन वाजता पांढरा एप्रन घालून, केस घट्ट बांधून ती इतरांबरोबर दारात उभी राहिली. मोबाईल बाहेरच ठेवायला लावले. आत फोटो काढायला सक्त मनाई असते. हॉल मोठा होता, उंच खिडक्या, भिंतीत हवा बाहेर फेकणारे पंखे. स्टीलची टेबलं रांगेनं लावलेली आणि प्रत्येकावर ओल्या पांढऱ्या कापडाखाली एक आकार. पण पहिल्यांदा जाणवतो तो वास. तो कुजल्याचा वास नव्हे, मैत्रिणींनो. हा वास फॉर्मॅलिन नावाच्या औषधाचा. बंद घरात मिरच्या भाजल्या की कसं नाकात झोंबतं आणि डोळ्यांतून धार लागते, तसंच काहीसं. शेजारचा मुलगा हातमोजा घातलेल्या हातानंच डोळे चोळायला लागला, तेव्हा हॉलमध्ये काम करणारे मामा ओरडले, "अरे, मोजा लागला की जास्त चुरचुरेल! बाहेर जा, साध्या पाण्यानं डोळे धू." काही दिवसांत नाकाला सवय होते, पण पहिल्या दिवशी जवळजवळ सगळेच रडतात, आणि त्यातले निम्मे तरी वासानं रडतात.

हे औषध कशाला, तर देह सडू नये म्हणून. देह आला की मांडीच्या मुळाशी जी मोठी रक्तवाहिनी असते तिच्यातून काही लिटर द्रव सगळ्या अंगभर सोडतात. त्यात फॉर्मॅलिन, स्पिरिट, ग्लिसरीन असं असतं. अंड्याचा पांढरा भाग उकडला की जसा घट्ट होतो, तसं या औषधानं मांस घट्ट होतं आणि सडण्याची क्रिया थांबते. मग काही महिने तो देह तसाच मुरू देतात. म्हणून सुरी लावली तरी रक्त वाहत नाही. बऱ्याच मुलींची मनातली भीती रक्ताचीच असते, आणि तिथं रक्त नसतंच.

सगळे आपापल्या टेबलापाशी उभे राहिले. वैशालीचं टेबल चार नंबरचं. मॅडमनी सगळ्यांकडून प्रतिज्ञा म्हणून घेतली. या देहाचा मान राखू, थट्टा करणार नाही, इथलं बाहेर बोलणार नाही, अशा अर्थाची ती प्रतिज्ञा असते. मग मामांनी कापड छातीपर्यंत खाली घेतलं. तोंडावरचं कापड त्यांनी तसंच ठेवलं. जेवढा भाग शिकायचा तेवढाच उघडा ठेवायचा, बाकी अंग झाकलेलं, अशी तिथली रीत आहे. एक तर ओलावा टिकतो, आणि दुसरं कारण तुम्हाला सांगायला नको.

वैशालीनं पाहिलं. झोपलेलं माणूस असेल असं तिला वाटलं होतं, तसं काही नव्हतं. कातडीचा रंग मातकट, भुरका. तिला थोडं हायसं वाटलं. आणि मग तिची नजर डाव्या हातावर गेली. मनगटाच्या वर हिरवट गोंदण होतं. तुळशीवृंदावन, आणि बाजूला चार ठिपके. तिच्या आजीच्या हातावर होतं तसंच.

आता पुढं काय झालं ते नीट ऐका, कारण हे कुणालाही होऊ शकतं. आधी तिला जांभई आली. मग कपाळ आणि तळहात गार घामानं ओले झाले. कानात सूं असा आवाज सुरू झाला, मॅडमचं बोलणं लांबून येतंय असं वाटायला लागलं. डोळ्यांपुढं कडेनं अंधार येऊ लागला. ती टेबलाची कड धरायला गेली, तोवर मामांनी तिला मागून दंडाला धरून खाली बसवलं. "डोकं खाली घाल पोरी, गुडघ्यांत." मग दोघींनी तिला व्हरांड्यात नेऊन आडवं केलं आणि पाय बाकावर टेकवून उंच ठेवले. दोन मिनिटांत तिचे ओठ पुन्हा लाल झाले.

लसीच्या रांगेत, रक्त काढताना, उपासाच्या दिवशी देवळाच्या गर्दीत आपल्यातल्या कितीजणींना असं झालंय! मनाला धक्का बसला, किळस आली, की काही वेळा हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं, आणि माणूस कोसळतं. बराच वेळ गुडघे ताठ करून उभं राहिलं, पोट रिकामं असलं, की ते आणखी लवकर होतं. आडवं होऊन पाय वर केले की रक्त डोक्याकडे परत येतं. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. मामांनी सांगितलं, की दर वर्षी दोन-चार जण खाली बसतातच, आणि त्यात दांडगे मुलगेही असतात. धोका असतो तो पडताना डोकं आपटण्याचा. म्हणून जांभई, गार घाम, कानात आवाज यातलं काही जाणवलं, की लाज न धरता तिथंच बसायचं.

थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या. "जेवलीस का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. वैशालीनं मान हलवली. मॅडमनी मामांकडून चहा आणि बिस्किटं मागवली. "उद्यापासून पोटभर जेवून यायचं. रिकाम्या पोटी या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही." मग शेजारी बसत त्यांनी विचारलं, "कशाची भीती वाटली?"

वैशाली बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भीती नाही वाटली, मॅडम. त्या आजींना कुणी विचारलं का? म्हणजे, आम्ही त्यांना हात लावणार, कापणार. त्यांना चालणार आहे का?"

आम्ही ज्या मुलींशी बोललो त्यातल्या कितीतरी जणींच्या मनात हाच सल होता. भूताखेताचं भय फार थोड्यांना. न विचारता दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हे आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. ते शिकवलेलंच तिथं आडवं येतं.

मॅडम म्हणाल्या, "चार नंबरच्या आजींना विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी स्वतः फॉर्म भरला होता." नाव, गाव त्यांनी सांगितलं नाही, ते सांगायचं नसतं. पण रीत समजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. देहदान करायचं असेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळतो. त्यावर साक्षीदारांच्या आणि घरच्यांच्या सह्या लागतात. पण नुसत्या फॉर्मवर भागत नाही. माणूस गेल्यावर घरच्यांनीच लगेच कॉलेजला कळवावं लागतं, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. घरच्यांनी नाही म्हटलं तर तो फॉर्म कपाटातच राहतो. म्हणून ज्यांची इच्छा आहे त्यांनी ती लेकासुनांच्या कानावर घालून ठेवायला हवी. सगळेच देह कॉलेज घेतं असंही नाही. पोस्टमॉर्टेम झालेला, किंवा एचआयव्ही, कावीळ 'बी' असा संसर्गाचा आजार असलेला देह घेत नाहीत. डोळे आधी दान केलेले असले तर मात्र अडचण येत नाही.

"म्हणजे त्या आजींच्या घरच्यांनी त्यांना स्वतः आणून दिलं?" वैशालीनं विचारलं.

"हो. आणि जाताना नातवानं पायांना हात लावून नमस्कार केला."

वैशालीचा चहा संपला. मग तिनं अवघड प्रश्न विचारला. "आणि बाकीच्या टेबलांवरचे?"

मॅडमनी तो टाळला नाही. सगळेच देह दानातून येत नाहीत. सरकारी दवाखान्यात कुणी गेलं आणि ठरलेल्या मुदतीत कुणीच नातेवाईक आलं नाही, तर असा बेवारस देह शिक्षणासाठी देता येतो. त्यासाठी आपल्याकडे 1949 चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे. दोन नंबरच्या टेबलावरचे बाबा तसे आलेले.

"मग त्यांना कुणीच विचारलं नाही."

"नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या. "ते मला अजूनही बोचतं. वीस वर्षं शिकवतेय तरी. म्हणून त्या टेबलावर कुणी मोठ्यानं हसलं तर मी त्याला बाहेर काढते."

आम्हाला हे उत्तर आवडलं. त्यांनी गुळगुळीत काही सांगून पोरीची समजूत काढली नाही. जे बोचायला हवं ते बोचू दिलं, आणि तरी काम का करायचं ते सांगितलं. पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक नस ठरलेल्या जागी, ठरलेल्या रंगाची असते. खऱ्या माणसात ती कधी इकडे, कधी तिकडे असते. उद्या बाळंतपणात टाका घालताना, गाठ काढताना, हे आधी हातानं शिकलेलं नसेल तर ते जिवंत बाईवर शिकावं लागेल.

वैशाली उठली. आत जाताना मॅडमनी तिला एकच काम दिलं. "आज सुरी नको धरूस. पाच मिनिटं नुसता त्यांचा हात हातात धर."

तिनं मोजे घातले आणि गोंदणाचा हात धरला. गार, जड, बोटं ताठ. अंगठ्याच्या पेराला जुनी भेग होती, विळ्यानं किंवा विळीनं पडते तशी. नखांच्या कडा झिजलेल्या. आयुष्यभर काम केलेला हात होता. वैशाली मनातल्या मनात म्हणाली, "आजी, मी वैशाली. मी हळू करीन." असं म्हणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आम्हाला भेटलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी असं काहीतरी म्हटलेलं आहे, कुणी मोठ्यानं, कुणी मनात.

टेबलावर तोवर काम सुरू झालं होतं. गळ्याखालच्या खळगीपासून छातीच्या मधल्या हाडावरून खाली एक रेघ, आणि त्याच खळगीतून हासळीच्या हाडावरून खांद्यापर्यंत दुसरी. दोन रेघांमधला कातडीचा कोपरा चिमट्यानं उचलायचा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटत न्यायचा. ऐकायला सोपं आहे. छातीवरची कातडी असते एक-दोन मिलीमीटर जाड. सुरी खोल गेली की खालचा पिवळा चरबीचा थर कातडीबरोबरच निघून येतो, आणि त्या थरातल्या बारीक नसाही कापल्या जातात. त्या मुलाचं तसंच झालं. त्यानं उचललेल्या कातडीला खालून पिवळी चरबी चिकटली होती. चुकलं हे ओळखायची खूण तीच. कातडीची आतली बाजू पांढरट, स्वच्छ दिसायला हवी.

वैशाली बघत होती. तिच्या लक्षात आलं, की तो पात्याची धार खाली धरतोय. तिनं कितीतरी ब्लाउज उसवले होते. उसवताना धार कापडाकडे कधीच धरायची नाही, टाक्याकडे धरायची. कापड ताणून धरलं की टाके आपोआप दिसतात, आणि मग पातं नुसतं टेकवलं तरी पुरतं. ती म्हणाली, "धार वर कर. कातडीच्या बाजूला. आणि चिमट्यानं जरा ताणून धर." त्यानं सुरी तिच्याच हातात दिली.

मॅडमनी सुरी धरू नको म्हटलं होतं, पण त्या लांबून बघत होत्या आणि काही बोलल्या नाहीत. वैशालीनं कोपरा ताणला. पांढरे बारीक धागे ताणले गेले, तिनं त्यांवर पातं टेकवलं. एक बोट, दोन बोटं, कातडी अलगद मोकळी होत गेली. तिच्या हाताला काम मिळालं होतं, आणि हाताला काम मिळालं की डोकं त्याच्या मागून येतं. कानातला आवाज पुन्हा आला नाही.

हासळीच्या हाडावर, त्या पिवळ्या थरात, तिला एक पांढरा दोरा दिसला. चरबी बाजूला सारली तेव्हा तसे दोन-तीन दोरे हाडावरून खाली छातीकडे उतरत होते. तिनं मॅडमना हाक मारली.

"शीर आहे की मज्जातंतू, कसं ओळखशील?" मॅडमनी विचारलं. मग स्वतःच दाखवलं. शीर पोकळ असते, चिमट्यानं दाबली की चपटी होते, आणि बहुधा आत काळपट दिसतं. मज्जातंतू पांढरा, भरीव, दोऱ्यासारखा. "हे मानेतून येतात आणि हासळीवरून उतरतात. छातीच्या वरच्या भागातल्या कातडीला स्पर्श कळतो तो यांच्यामुळे. सकाळी गार मंगळसूत्र अंगाला लागतं ना, ते मेंदूला कळवणारे हेच."

वैशालीनं त्या दोऱ्याकडे पाहिलं आणि मग गोंदणाच्या हाताकडे. चार वाजले होते. मामांनी ओल्या कापडानं सगळं पुन्हा झाकलं.

सगळ्यांचंच एका दुपारीत निभावतं असं समजू नका. त्याच टेबलावरच्या एका मुलीनं तीन आठवडे लांबूनच पाहिलं आणि मग हळूहळू पुढं आली. काहींना पहिले काही दिवस मांसाहार नको वाटतो, स्वप्नं पडतात, ते ओसरतं. पण दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण जात नाही, हॉलचं नाव काढलं की छाती धडधडते, असं असेल तर मुलीनं कॉलेजातल्या आपल्या शिक्षिकेशी किंवा तिथल्या मानसोपचार विभागात बोलायला हवं. आणि आईनं फोनवर "सगळ्यांनाच होतं" म्हणून ते उडवून लावू नये.

संध्याकाळी वैशालीनं साबणानं तीनदा हात धुतले, आंघोळ केली, तरी बोटांना वास येतच होता. तरीही तिनं मेसमध्ये तीन भाकरी खाल्ल्या. मग आईला फोन लावला.

"आंघोळ केलीस ना?" आईचा पहिला प्रश्न. मयताहून आल्यासारखा.

"केली. वासासाठी केली, आई. विटाळासाठी नाही."

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बाई होती का?"

"आजी होत्या. हातावर तुळस गोंदलेली." आणि मग तिनं हासळीवरच्या पांढऱ्या दोऱ्यांचं सगळं सांगितलं, उसवण्याचंही.

"कुठं म्हणालीस, हासळीवर?" आईनं विचारलं. मशीनचा आवाज थांबला. "मंगळसूत्र लागतं तिथं?"

"हो, तिथंच."

"लागतंय खरं गार," आई म्हणाली. "बरं, ठेव आता. माझे दोन ब्लाउज उसवायचे पडलेत."